पाच वेळा तीच टिटवी: ध्यानाच्या एका क्लिपचं वर्णन मी परत कसं लिहिलं

मी व्हिडिओ एडिटिंग करते, लग्नं, मुंजी, वाढदिवस हे नेहमीचं काम आणि मधल्या वेळात नाशिकच्या त्र्यंबक रोडच्या बाजूला जाऊन पाणी, झाडं, धुकं असलं शूट करून ठेवायचं ही आवड. असं करत करत पन्नास-साठ क्लिप जमल्या होत्या आणि प्रत्येकीखाली दोन-तीन ओळींचं वर्णन लिहून ठेवलेलं, कुणी मागितलं तर तेवढी यादी पाठवायची म्हणजे सगळे व्हिडिओ पाठवत बसायला नको. गेल्या वर्षी त्यातल्या एका क्लिपचं वर्णन साफ चुकलं, आणि ते दुरुस्त करताना जे जे करावं लागलं ते इथे सगळं लिहितेय कारण असल्या क्लिपबद्दल मराठीत नीट कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं.

इंदिरानगरला एक काका आहेत, रिटायर्ड, सोसायटीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी ध्यानाचा वर्ग घेतात, सतराअठरा लोक येतात, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांची पद्धत अशी की पहिली पाच मिनिटं डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या टीव्हीवर नजर टेकवायची, मग डोळे मिटायचे आणि उरलेला वेळ नुसता आवाज ऐकत श्वासाकडे लक्ष द्यायचं. त्यांना साधारण बारा मिनिटांची क्लिप हवी होती, पाणी, झाड, घाई नको एवढीच अट. मी यादी पाठवली आणि त्यांनी वर्णन वाचून एक निवडली. ते वर्णन जसंच्या तसं देते:

"निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न करणारा शांत अनुभव. मंद वाहणारं पाणी, हळुवार डुलणारी पानं आणि पक्ष्यांचा मधुर किलबिलाट. ध्यान, योग आणि गाढ झोपेसाठी उत्तम."

दुसऱ्याच दिवशी रात्री काकांचा फोन. "अगं, पाणी छान आहे गं, पण ते झाड काय घाईत आहे का? तू लिहिलंयस डुलणारी पानं, ही तर कापतायत." मग म्हणाले एक पक्षी मध्येच ओरडतो आणि तो ठरावीक वेळाने ओरडतो, तिसऱ्यांदा ओरडल्यावर लोक ध्यान सोडून त्याचीच वाट बघायला लागले, आणि एक आजी तर वर्ग संपल्यावर म्हणाल्या की संध्याकाळच्या वेळी टिटवी कशाला ऐकवता, आमच्याकडे चांगलं मानत नाहीत. शिवाय एकदोघं मध्येच उठून बाथरूमला गेले. काका रागावले अजिबात नव्हते पण मला फार लागलं ते, कारण क्लिप त्यांनी बघून नव्हती घेतली, माझ्या शब्दांवर भरवसा ठेवून घेतली होती.

क्लिप कशी होती ते आधी सांगते. अंजनेरीच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत एक ओहोळ आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला शूट केलेलं, पाऊस ओसरलेला आणि पाणी नितळ. फ्रेमच्या खाली डाव्या हाताला दोन काळे कातळ, त्यांच्या मधून पाणी वीतभर खाली उतरतं आणि पुढे उथळ पसरतं. मागे उंबराची एक फांदी पाण्यावर ओणवलेली. आणि वर उजव्या कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पिंपळाची डहाळी, ती मी मुद्दाम घेतली होती, चित्राला खोली येते म्हणून. ट्रायपॉडवर स्थिर शॉट. मुळात चांगला भाग फक्त २ मिनिटं २० सेकंदांचा होता, तोच पाच वेळा जोडून ११ मिनिटं ४० सेकंदांचा केलेला.

फोन झाल्यावर मी क्लिप परत लावली, आणि पहिलं काय केलं तर आवाज पूर्ण बंद केला. आवाज असला की पाणी मनाला धरून ठेवतं आणि डोळे आळशी होतात, हे मला त्या दिवशी कळलं. आवाजाशिवाय बघितल्यावर पाचव्या सेकंदाला नजर पिंपळावर गेली आणि तिथेच अडकली. पिंपळाच्या पानाला लांब बारीक देठ असतो आणि पान टोकाशी निमुळतं होत गेलेलं, म्हणून इतर झाडं गप्प असतात तेव्हाही पिंपळ हलत असतो, संस्कृतात त्याला चलदल म्हणतात ते उगीच नाही. पण हलतो म्हणजे किती? घड्याळ लावून मोजायला गेले तर मोजताच येईना इतकं भरभर, शेवटी एकेक फ्रेम पुढे सरकवत एका पानावर बोट ठेवलं. पान एका बाजूला जाऊन परत जागेवर यायला ८ फ्रेम लागत होत्या. क्लिप सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे सेकंदाला साधारण तीन वेळा. याला डुलणं म्हणत नाहीत, याला थरथरणं म्हणतात, आणि मी तीन वर्षं त्याखाली "हळुवार डुलणारी" लिहून ठेवलं होतं.

मग मागची उंबराची फांदी मोजली. ती एका टोकाकडून निघून परत त्याच जागी यायला शंभरेक फ्रेम, म्हणजे चार सेकंद, आणि तेही कधी साडेतीन कधी पाच. मधे झुळूक पडली की फांदी पूर्ण थांबते, कधी सहा सेकंद, कधी वीस. हे खरं डुलणं. म्हणजे एकाच चित्रात दोन झाडं दोन वेगळ्या वेगांनी हलत होती आणि माझ्या वर्णनात दोघांना मिळून एकच शब्द होता. आपल्याकडे शब्द कमी आहेत असंही नाही, पान थरथरतं, सळसळतं, फडफडतं, फांदी डुलते, झुलते, लवते, हेलकावते. थरथरणारं असतं एकेक पान, डुलते ती अख्खी फांदी, आणि सळसळीत तर चित्रापेक्षा आवाजच जास्त असतो. क्लिपमध्ये यातलं नेमकं काय आहे ते बघून शब्द निवडला की समोरच्याला न बघताच वेग कळतो. मी मात्र सगळीकडे "हळुवार" लावून मोकळी झाले होते.

आता काकांच्या वर्गात श्वास चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला सहा श्वास. मी त्यांना विचारलं की मग पानांची लय पण तशीच दहा सेकंदांची हवी का, तर ते म्हणाले अजिबात नको, "नजर टेकवायला काहीतरी हवं, मागे धावायला नको. ठराविक लयीत हललं की लोक श्वास सोडून त्यालाच धरतात." हे मला फार पटलं. त्यामुळे उंबराचा चार-पाच सेकंदांचा अनियमित झोका त्यांच्या कामाचा आणि पिंपळ बाद. वर्णनात मग ही अनियमितता पण लिहायला हवी हे तेव्हा सुचलं, नुसतं "मंद" म्हटलं तर एखाद्याला घड्याळाच्या लंबकासारखं वाटू शकतं.

मधे एक आडवाटेचा प्रयोग केला तो सांगते, कारण बरेच जण हेच करतात. म्हटलं क्लिपच निम्म्या वेगाने करून टाकू, पिंपळ आपोआप हळू होईल. केली. सेकंदाला २५ च फ्रेम होत्या त्यामुळे सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम भरल्या आणि पानांच्या कडा धूसर व्हायला लागल्या, ते एकवेळ ५० फ्रेमने शूट केलं असतं तर टळलं असतं. पण पाण्याचं काय? कातळावरून उतरणारं पाणी निम्म्या वेगाने काकवीसारखं दिसायला लागलं, जड, चिकट. पाणी किती भरभर पडतं याचा अंदाज आपल्या डोळ्यांना लहानपणापासून पक्का असतो, तिथे फसवाफसवी चालत नाही. आणि आवाज तर निम्म्या वेगाने एक सप्तक खाली जातो, ओहोळाचा पार घुमणारा नाला होतो. आवाज तसाच ठेवून चित्र हळू केलं तर बुडबुडा फुटताना दिसतो एकीकडे आणि आवाज येतो दुसरीकडे. मी ते सोडून दिलं. पण ज्या क्लिप खरंच हळू केलेल्या आहेत त्यांच्या वर्णनात आता मी सरळ लिहिते की चित्र निम्म्या वेगाचं आहे आणि आवाज नंतर लावलेला आहे, घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

पिंपळाचं उत्तर सोपं निघालं. शूट फोर-केमध्ये होतं, म्हणजे चित्र लांबी-रुंदीत टीव्हीच्या फुल एचडीच्या दुप्पट, त्यामुळे वरचा उजवा कोपरा कापून उरलेला भाग मोठा केला तरी चित्र खराब झालं नाही. खोली थोडी गेली, मला वाईट वाटलं, पण कातळ, पाणी आणि उंबर एवढंच राहिल्यावर नजरेला फिरायला जागा झाली.

मग दुसरी फेरी, डोळे मिटून फक्त आवाज. ही फेरी मी आधी हेडफोनवर केली आणि मला सगळं उत्तम वाटलं. मग डोक्यात आलं की काकांकडे हेडफोन नाहीत, टीव्हीला जोडलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे. त्यांच्याकडून तोच स्पीकर आणला, हॉलच्या मागच्या भिंतीपाशी बसावं तसं लांब बसून ऐकलं आणि काय सांगू, पाणी नव्हतंच ते, कुणीतरी स्वयंपाकघरात भजी तळतंय असं वाटत होतं.

याचं कारण समजून घ्यायला थोडं वाचावं लागलं. वाहत्या पाण्याचा आवाज बराचसा पाण्याचा नसतोच, पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, प्रत्येक बुडबुडा तयार होताना घंटीसारखा किंचित वाजतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली याचं गणित मांडलं, बुडबुडा जेवढा मोठा तेवढा सूर खालचा. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३,००० हर्ट्झच्या थोडा वर वाजतो आणि एक सेंटीमीटरचा ३०० च्या थोडा वर. ओहोळात दोन्ही असतात, मोठे बुडबुडे ती गुबगुब भरतात आणि बारीक बुडबुडे वरची खळखळ. छोट्या स्पीकरमधून खालचे सूर नीट येतच नाहीत, उरते ती वरची चरचर, आणि कान तिला तळण समजतो. म्हणून वर्णनात "झुळझुळ वाहणारं पाणी" असं लिहून भागत नाही, कुठल्या स्पीकरवर झुळझुळ आणि कुठल्यावर चरचर हे पण घेणाऱ्याच्या कामाचं आहे. मी एडिटमध्ये वरचे सूर थोडे उतरवले, काकांच्या स्पीकरवरच ऐकत ऐकत, बाकी उपाय नव्हता.

पाण्याच्या शब्दांचंही तेच पानांसारखं. खळखळ म्हणजे दगड आहेत, उतार आहे, पाणी आपटतंय. झुळझुळ म्हणजे बारीक धार, वाळू किंवा बारके गोटे. संथ म्हणजे जवळजवळ आवाजच नाही, गंगापूर धरणाच्या फुगवट्यात काठाशी बसलं की कळतं, पाणी नुसतं काठाला चाटतं. माझ्या क्लिपमध्ये होती खळखळ, आणि मी लिहिलं होतं "मंद वाहणारं". दिसायला पाणी मंद होतंच, पण पसरलेल्या भागात, आवाज मात्र येत होता कातळाच्या फटीतून. डोळ्यांना एक जागा आणि कानांना दुसरी, म्हणून दोन्ही वेगवेगळं लिहायचं असं ठरवलं.

आणि त्या खळखळीच्या मागे एक ठिबक होती, हेडफोनवर पण दुसऱ्यांदा ऐकल्यावरच लक्षात आली. वरच्या कपारीतून थेंब थेंब पाणी डबक्यात पडत होतं, टप, टप, टप. लोक बाथरूमला उठले त्याचं कारण बहुतेक हेच असावं असं काकांचं म्हणणं, वयस्कर माणसांना नळ ठिबकल्यासारखा आवाज दहा मिनिटं ऐकवला तर दुसरं काय होणार. ही गोष्ट बोलायला लोक लाजतात पण ध्यानाच्या क्लिपमध्ये ठिबक आहे की नाही हे वर्णनात लिहिलंच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

टिटवी मूळ तुकड्यात १ मिनिट ३६ व्या सेकंदाला ओरडत होती. तिला मी "पक्ष्यांचा मधुर किलबिलाट" म्हटलं होतं. किलबिलाट म्हणजे चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, टिटवी किलबिलत नाही, ती काठावर कुणी आलं की गजर केल्यासारखी ओरडते, आणि त्या सकाळी ती माझ्यावरच ओरडत होती, मी तिच्या जागेत उभी होते. आता क्लिप पाच वेळा जोडलेली, म्हणजे टिटवी पण पाच वेळा, बरोबर २ मिनिटं २० सेकंदांच्या अंतराने. निसर्गात असं होत नाही. पाण्याचा एकच तुकडा पाच वेळा आला तरी सहसा कुणाला कळत नाही, पण एका पक्ष्याची एक हाक दोनदा तशीच आली की कान पकडतो, आणि एकदा पकडलं की पूर्ण क्लिप खोटी वाटायला लागते.

यावर केलं असं की चित्र आणि आवाज वेगळे केले. त्या सकाळचं सलग ११ मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, त्यातून टिटवी, ठिबकीच्या जवळचा भाग आणि रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न वगळून ३ मिनिटं ५० सेकंदांचा सलग तुकडा मिळाला. चित्र २ मिनिटं २० चं फिरतं आणि आवाज ३ मिनिटं ५० चा, दोघांचे सांधे बारा मिनिटांत एकदाही एकत्र येत नाहीत. लांबचा एक बुलबुल राहू दिला, तो आता बारा मिनिटांत तीनदाच येतो आणि दर वेळी समोर चित्र वेगळं असतं.

तिसरी फेरी मला सगळ्यात उपयोगाची वाटली, क्लिप आठपट वेगाने पळवून बघायची. सावकाश क्लिपमध्ये जे बदल सावकाश होतात ते साध्या वेगात दिसतच नाहीत. ऊन सरकतं, सावली कातळावरून खाली येते, ट्रायपॉडचा एक पाय ओल्या वाळूत रुतून चित्र केसभर कलतं. पळवून बघितल्यावर दिसलं की १ मिनिट ५० पासून ढग येऊन सगळं चित्र मंद होत जातं, आणि २ मिनिटं २० ला परत पहिल्या फ्रेमवर उडी मारल्यावर एकदम ऊन पडतं, फटकन. वर्गात अर्ध्या उघड्या डोळ्यांना हे ट्यूबलाइट लावल्यासारखं झालं असणार. पळवून बघायचा कंटाळा असेल तर दर दहा सेकंदांना एक फोटो काढून ओळीने ठेवायचे, मी संगणकावर असं करते:

```
ffmpeg -i ohol.mp4 -vf fps=1/10 photo_%03d.png
```

फोटो शेजारी शेजारी ठेवले की पहिला आणि शेवटचा यांच्यात उजेडाचा फरक लगेच दिसतो, वर्णन लिहायला पण तेच फोटो समोर ठेवते.

सांधा लपवायला बरेच जण शेवट आणि सुरुवात एकमेकांत विरघळवतात, मी पण आधी तेच करून बघितलं, चार सेकंदांचं. पाण्यावर ते खपून जातं, कारण पाणी कुठल्याच क्षणी आधीसारखं नसतं. फांदीवर खपत नाही, त्या चार सेकंदांत फांदी एकाच्या दोन दिसतात, भुतासारख्या. मग मी सांधा हलवला. झुळूक पडून उंबर अगदी थांबलेला असतो अशा दोन जागा शोधल्या, एक सुरुवातीला आणि एक ढग यायच्या आधी, आणि तिथे जोडलं, फांदी दोन्हीकडे जवळजवळ त्याच जागी असल्यामुळे विरघळताना दिसेना. यात ढगाचा भाग गेला आणि चित्राचा तुकडा २ मिनिटं २० वरून १ मिनिट ४२ वर आला. तुकडा लहान झाला हे मला खटकत होतं, पण सात वेळा फिरूनही कुणाला कळलं नाही, आणि आधीचा लांब तुकडा पहिल्याच संध्याकाळी पकडला गेला होता.

एवढं झाल्यावर वर्णन लिहायला बसले तेव्हा जाणवलं की विशेषणांची गरजच उरली नव्हती, जे मोजलं आणि ऐकलं तेच लिहायचं होतं. हे ते नवीन वर्णन, काकांना पाठवलं तसंच:

"अंजनेरीजवळचा ओहोळ, ऑक्टोबर, सकाळचं कोवळं ऊन. स्थिर कॅमेरा, एकच दृश्य, एकूण ११ मिनिटं ५४ सेकंद. खाली डाव्या बाजूला दोन काळ्या कातळांमधून पाणी वीतभर उतरतं आणि उजवीकडे उथळ पसरतं, पसरलेल्या भागात तळाचे गोटे दिसतात. मागे उंबराची फांदी पाण्यावर ओणवलेली, वाऱ्याने डुलते, एक झोका चार-पाच सेकंदांचा, मधे मधे पूर्ण थांबते. जवळ हलणारं काही नाही. दर १ मिनिट ४२ सेकंदांनी चित्र परत सुरू होतं, सांधा सहसा दिसत नाही. ऊन बदलत नाही. ४० व्या सेकंदाला एक चतुर पाण्यावरून जातो, पुढेही प्रत्येक फेरीत जातो. आवाज: मध्यम खळखळ, एकसारखी, चढउतार नाही. लांबून बुलबुल तीन वेळा. ठिबक नाही, वाहन नाही, माणूस नाही, संगीत नाही. आवाज त्याच ठिकाणचा, पण चित्रासोबतचा नाही. छोट्या स्पीकरवर आवाज निम्म्याच्या खाली ठेवावा, नाहीतर चरचर वाटते."

काकांनी वाचून पहिला प्रश्न विचारला तो चतुराचा. चित्रात तो मी ठेवला होता कारण कापायला गेलं तर सांध्याची जागाच जात होती. ते म्हणाले राहू दे, तो आवाज करत नाही आणि डोळे अर्धेच उघडे असतात, पण लिहिलंस ते बरं केलंस, मी पहिल्या दिवशीच सांगून टाकेन लोकांना की एक चतुर येईल. तसं त्यांनी सांगितलं पण. टिटवीच्या वेळी लोक दचकले होते, चतुराच्या वेळी कुणीच नाही, आधी माहीत होतं म्हणून.

वर्गात एक आजोबा आहेत ज्यांना मोतीबिंदू आणि बाकी त्रासामुळे टीव्हीवरचं फारसं दिसत नाही, उजेड आणि हालचाल तेवढी कळते. काकांनी एक दिवस ते वर्णनच वर्गाच्या सुरुवातीला सावकाश वाचून दाखवलं, वेळा आणि स्पीकरचं वगळून. आजोबा नंतर म्हणाले की कातळ कुठल्या हाताला आहेत ते कळल्यावर आवाज त्या बाजूने यायला लागला. मला हे ऐकून खूप बरं वाटलं. जुनं वर्णन असं वाचून दाखवलं असतं तर त्यांना काय दिसलं असतं? "मन प्रसन्न करणारा शांत अनुभव" यात डावं-उजवं काहीच नाही. तेव्हापासून मी वर्णन लिहिल्यावर ते घरात कुणाला तरी वाचून दाखवते आणि कागदावर चित्र काढायला सांगते, नदी कुठे आणि झाड कुठे हे त्यांना काढता आलं पाहिजे.

आता राहिलेली एक अडचण. काकांना नोव्हेंबरमध्ये वाटलं की आवाजाचा तुकडा अजून लांब असेल तर बरं, म्हणून मी परत त्याच ओहोळावर गेले, तीच जागा, तीच वेळ, कॅमेरा त्याच दगडावर. पाणी एवढं कमी झालेलं की कातळाच्या फटीतून बोटभर धार येत होती. खळखळ संपलेली, झुळझुळ पण नाही म्हणता येणार, नुसती ठिबक राहिली होती, तीच कपारीतली, आणि तिच्यामागे रस्ता स्पष्ट ऐकू येत होता, आधी तो पाण्याखाली झाकला जायचा. वीस मिनिटं रेकॉर्ड केलं आणि त्यातलं एक मिनिटही वापरता आलं नाही. उंबर मात्र तसाच डुलत होता. आता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचं ठरलंय, आणि माझ्या यादीत प्रत्येक क्लिपच्या नावापुढे महिना लिहायला घेतलाय, साठातल्या बावीस झाल्या.